फ्रेंच बी१: पाठ्यपुस्तक घ्यावं की ऑनलाइन कोर्स?

फ्रेंचची ए२ पातळी संपली आणि त्यापुढची बी१ सुरू करायचीय, अशा टप्प्यावर हा प्रश्न हमखास येतो. अगदी पहिल्या ए१ पातळीला तो फारसा अवघड नसतो. तिथे उच्चार कानावर पडणं महत्त्वाचं असतं, त्यामुळे बरा ऑनलाइन कोर्स पुरतो. बी१ला मात्र निवड चुकली तर बरेच महिने जातात आणि तेही उशिरा लक्षात येतं. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे आणि माझा कल पुस्तकाकडे आहे. प्रत्येकाला तेच पटेल असं नाही.

त्याआधी पातळीच्या शिक्क्याबद्दल थोडं. मुखपृष्ठावर बी१ लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ 'ए२ पूर्ण झालेल्याला बी१पर्यंत नेणारं' असा असतो. चाचणीचा निकाल बी१ आला तर त्याचा अर्थ 'बी१ गाठलंय' असा होतो, म्हणजे पुस्तक बी२चं घ्यायला हवं. पण इथेही सावध राहावं. पटकन होणाऱ्या ऑनलाइन चाचण्या बहुधा व्याकरण आणि वाचन तपासतात. वाचन बी१ आणि लेखन ए२ अशी विभागणी अगदी सर्रास दिसते. अशा वेळी पुस्तक लेखन-बोलण्याच्या पातळीप्रमाणे निवडावं असं मला वाटतं. वाचन पुढे असेल तर पुस्तकातले उतारे भराभर होतील, एवढंच. शिवाय हा शिक्का प्रकाशक किंवा कोर्सवाले स्वतःच लावतात. युरोप परिषदेने २००१ साली ही पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात त्या पातळीचा माणूस भाषेत काय करू शकतो याची वर्णनं आहेत. फ्रेंच व्याकरणाचे कोणते धडे घ्यायचे याची यादी तिथे नाही. त्यामुळे एकाच बी१ शिक्क्याखाली बरंच वेगवेगळं विकलं जातं.

ऑनलाइन कोर्सची जमेची बाजू मोठी आहे. ऐकण्याचा सराव तिथे पुस्तकापेक्षा सोपा पडतो. क्लिप थांबवा, मागे घ्या, खालचा मजकूर उघडा. उत्तर लगेच कळतं, रोजची सवय टिकते. एकट्याने शिकणाऱ्याला पुस्तकाचा जाचही होतो. ही पाठ्यपुस्तकं वर्गासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे 'जोडीदाराशी चर्चा करा' ही सूचना पानोपानी येते आणि घरी चर्चा करायला कुणी नसतं. उत्तरं पुष्कळदा वेगळ्या पुस्तिकेत असतात, म्हणजे आणखी एक खरेदी.

एवढं असूनही मी कोर्स सोडला तो एका गोष्टीमुळे. कोर्स पैसे भरून घेतलेला होता, नाव घेत नाही. त्यात जवळजवळ प्रत्येक उत्तर यादीतून निवडायचं होतं. 'ज सुएत क तु…', म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे', या वाक्यापुढे क्रियापदाचे दोन पर्याय, 'व्हियँ' आणि 'व्हिएन'. हा धडा सब्जाँक्तिफ या क्रियापदाच्या रूपाचा आहे हे वरच्या मथळ्यातच लिहिलेलं, मग दुसरा पर्याय निवडायला विचार करावाच लागत नाही. पुढच्या धड्यात 'जेस्पेर क', म्हणजे 'मला आशा आहे की', आलं की मथळा बदलतो, आणि तिथे साधा भविष्यकाळ निवडायचा. इच्छा व्यक्त करणाऱ्या 'सुएते'नंतर सब्जाँक्तिफ लागतं आणि आशा व्यक्त करणाऱ्या 'एस्पेरे'नंतर लागत नाही, हा भेद मला धड्यात दर वेळी अचूक येत होता. कोऱ्या कागदावर मात्र दोन्हींची गल्लत व्हायची, कारण तिथे मथळा नसतो.

खरी अडचण त्याहून खोल आहे. बी१च्या लेखनाच्या वर्णनात कळीचा शब्द आहे सलग: ओळखीच्या विषयावर साधा पण सलग मजकूर लिहिता येणं आणि मताला थोडक्यात कारण देता येणं. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत बी१ला याचीच कसोटी लागते. ४५ मिनिटांत किमान १६० शब्द लिहायचे असतात. रविवारी शहराच्या मध्यभागी गाड्यांना बंदी घालावी का, अशा धर्तीचा विषय समजा. यादीतून निवडायची सवय झालेला माणूस लिहितो: कल्पना चांगली आहे. हवा स्वच्छ राहील. मुलं खेळतील. दुकानदारांना त्रास होईल. चारही वाक्यं निर्दोष, पण ती ए२ची वाक्यं आहेत, एकापुढे एक ठेवलेली. बी१ला हवं ते असं: दुकानदारांची तक्रार रास्त असली तरी मी याच्या बाजूने आहे, कारण आमच्या गल्लीत एकदा रस्ता बंद होता तेव्हा लोक उलट जास्त वेळ थांबले, म्हणून आधी एक महिना करून पाहावं. 'असली तरी'साठी 'बियँ क' वापरलं की सब्जाँक्तिफ आपोआप लागतं, आणि तो नियम मग कायमचा बसतो. ही सांधेजोड यादीतून निवडून तपासता येत नाही. संगणकाने तपासायच्या सरावात वाक्य एकेकटं असतं, आणि बी१ची खरी मेहनत दोन वाक्यांच्या मध्ये असते.

मी 'एदितो बी१' घेतलं. दिदिए प्रकाशनाची ही मालिका प्रत्यक्ष फ्रेंच लेख आणि ध्वनिमुद्रणांवर जास्त भर देते, त्यामुळे सुरुवातीला जड वाटतं. ए२ कच्चं असेल तर 'कॉस्मोपोलित ३' कदाचित सोयीचं पडेल, तेही बी१चंच आहे. मला पुस्तकात आवडलं ते एकच: लेख वाचा, त्यातले वाक्यं जोडणारे शब्द शोधा, मग त्याच विषयावर स्वतः लिहा, या क्रमाने काम होतं. लिहिलेलं मात्र कुणीतरी तपासायला हवं. त्यासाठी आठवड्याला एक तास शिक्षक पुरतो. मी त्यांना आधी सांधे पाहायला सांगायचो आणि स्पेलिंग शेवटी. व्याकरण कमी पडलं तर 'ग्रामेर प्रोग्रेसिव्ह'चं मध्यम पातळीचं पुस्तक शेजारी ठेवावं. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव, आणि सराव बहुतांशी हाताने लिहायचा. तेवढं पुरेसं आहे. सगळं पुस्तक पहिल्यापासून सोडवत बसू नये.

ऐकण्यासाठी मात्र मी ऑनलाइनच राहिलो. टीव्ही५मोंद या फ्रेंच भाषेतल्या वाहिनीचे पातळीनिहाय सराव फुकट आहेत, आणि आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र लिखित मजकुरासह मिळतं. सलग अभ्यासक्रम म्हणून यांतलं काहीच पुरत नाही, पुस्तकाच्या जोडीला उत्तम.

तपासून देणारं कुणीच मिळणार नसेल तर माझा सल्ला बदलतो. मग असा ऑनलाइन कोर्स शोधा ज्यात लेखन माणूस तपासतो आणि किती मजकूर, किती वेळा, हे आधी लिहून दिलेलं असतं. नमुना धडा उघडून पाहा: त्यात एक तरी रिकामी चौकट अशी हवी जिथे परिच्छेद लिहायचा आहे. सगळीकडे यादीच दिसली तर तो कोर्स वाचन-श्रवणासाठी ठेवा. डेल्फला दोन-तीन महिनेच उरले असतील तर नवं पुस्तक सुरूच करू नका. जुने नमुना पेपर वेळ लावून लिहा आणि ते तपासून घ्या. एकूण शंभरात पन्नास मिळाले तरी एखाद्या भागात पंचवीसपैकी पाचपेक्षा कमी आले तर उत्तीर्ण होता येत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत आवडत्या भागाला वेळ देण्यात अर्थ नाही.