शब्द बदलायचा की तिथेच उलगडायचा?

मूळ वाक्य: ‘वाढलेल्या आर्द्रतेमुळे बाष्पीभवन मंदावते.’ पाचवीच्या मुलाला हे जड जाणार.

पहिला मार्ग सरळ अदलाबदलीचा. ‘आर्द्रता’ काढून ‘दमटपणा’ घातला की अर्थ शाबूत राहतो. फक्त लिंग बदलतं. या वाक्यातलं ‘वाढलेल्या’ तसंच राहतं, पण कुठे ‘वाढलेली आर्द्रता’ असेल, तर तिथे ‘वाढलेला दमटपणा’ करावं लागतं. नुसतं शोधा-आणि-बदला केलं, तर नेमकं अशा जागी फसतं. ‘मंदावते’च्या जागी ‘हळू होते’ही चालेल. पण ‘बाष्पीभवन’ऐवजी ‘वाफ होणे’ लिहिलं, की मुलाच्या डोळ्यांसमोर उकळतं पातेलं येतं. वाळत घातलेला शर्टही न उकळताच सुकतो, ते राहूनच जातं.

दुसरा मार्ग शब्द ठेवून तिथेच उलगडण्याचा: ‘हवा दमट असली की बाष्पीभवन, म्हणजे पाणी न उकळताही हवेत मिसळून जाणं, हळू होतं.’ वाक्य लांबलं खरं, आणि असे तीन उलगडे एका परिच्छेदात आले तर वाचणारा दमतो.

म्हणून मी सजावटीचे शब्द बिनधास्त बदलतो. ज्या शब्दावर धडाच उभा आहे, तो ठेवतो. शंका आली तर मुलाला वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. ‘पाणी उकळतं’ असं आलं, की बदल चुकला.