माणिक घेताना: तापवलेला खडा की काच भरलेला?

आईच्या अंगठीसाठी माझ्यासमोर दोन माणकं ठेवली होती आणि दोन्हींसोबत सर्टिफिकेट होतं. पहिला खडा सव्वापाच रत्तीचा, म्हणजे ४.७८ कॅरेट, लालभडक. भाव कॅरेटला ९०० रुपये, एकूण चार हजार तीनशेच्या आसपास. दुसरा १.६२ कॅरेटचा, किंचित गुलाबीकडे झुकलेला, कॅरेटला १८,००० म्हणजे साधारण एकोणतीस हजार. दोन्ही कार्डांवर ठळक अक्षरांत 'नॅचरल' आणि 'रुबी' हे शब्द होते. आकार, वजन, वक्रीभवनांकाचे आकडे वगैरे सगळं जागच्या जागी.

फरक होता तो खाली, बारीक टायपातल्या 'कॉमेंट्स'च्या ओळीत. महागाच्या कार्डावर 'इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' एवढंच होतं. स्वस्ताच्या कार्डावर 'लेड ग्लास फिल्ड' होतं, तेही पाठीमागे. ही ओळ रिकामी असेल तर खडा शुद्ध आहे असं समजू नका. काही प्रयोगशाळा छोट्या कार्डावर फक्त ओळख देतात, प्रक्रियेबद्दल बोलतच नाहीत. न तापवलेल्या खड्यासाठी 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

तापवणं बाजारात मान्य आहे. भट्टीत रंग खुलतो आणि तो कायम राहतो. काही माणकं टाकणखारासारख्या पदार्थांसोबत तापवतात, तेव्हा भेगेच्या कडा वितळून पुन्हा स्फटिक होतात आणि भेग खरोखर सांधते. आत थोडा काचेसारखा अंश उरतो. चांगल्या रिपोर्टवर हा अंश किती, 'मायनर' की 'मॉडरेट' की 'सिग्निफिकंट', तेही लिहिलेलं असतं आणि त्या शब्दागणिक भाव उतरतो. काच भरणं ही मात्र वेगळीच गोष्ट. तिथे भेग तशीच राहते, तिच्यात शिशाची काच ओततात. त्या काचेचा वक्रीभवनांक माणकाच्या जवळपास असल्यामुळे भेगा दिसेनाशा होतात. काही खड्यांत काच इतकी असते की मोठ्या प्रयोगशाळा त्यांना साधं 'रुबी' न म्हणता 'कॉम्पोझिट' किंवा 'मॅन्युफॅक्चर्ड' म्हणतात. शिसं जड असल्याने तुम्ही कॅरेटच्या भावात काचही विकत घेता. दहापट भिंगाखाली खडा हलवला तर भेगेत निळसर झळक आणि चपटे बुडबुडे दिसतात. मला ती झळक दिसली, पण दुकानदाराने दाखवल्यावरच.

तरीही चार हजारांचा मोह सुटला नसता. आड आली ती आमचीच जुनी अंगठी. काही वर्षांपूर्वी असाच एक काच भरलेला खडा घेतला होता, सर्टिफिकेटची मागची बाजू न वाचता. आईची बोटं बारीक झाली, अंगठी ढिली झाली, म्हणून सोनाराकडे दिली. त्याने कडी कापली, डाग दिला आणि नेहमीसारखी तेजाबाच्या पातळ पाण्यात टाकली. बाहेर आली तेव्हा खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं होतं, वाळलेल्या चिखलासारखं. पृष्ठभागावर पोचणाऱ्या प्रत्येक भेगेतली काच तेजाबाने खाल्ली होती. सोनार म्हणाला, "दादा, आधी सांगितलं असतंत तर खडा काढून काम केलं असतं." त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पण म्हणजे अंगठी लहान-मोठी करायची, डाग द्यायचा, पॉलिश करायचं, की दर वेळी आधी खडा काढा, मग पुन्हा बसवा. लिंबाच्या रसानेही ही काच खराब होते, आणि आईचं निम्मं आयुष्य स्वयंपाकघरात.

म्हणून मी लहान खडा घेतला. डाग देताना टाकणखार लागू नये एवढी काळजी सोनार त्याच्या बाबतीतही घेतो, पण तेजाबाची भीती नाही.

न तापवलेलाही विचारला होता. साधारण तशाच रंगाच्या, त्याच वजनाच्या खड्याचा भाव मला अडीच पट सांगितला. डोळ्यांना मला फरक कळला नाही. तो पैसा दुर्मिळतेचा. ज्योतिषाच्या सांगण्यावरून घेणाऱ्यांना न तापवलेलाच खडा लागतो, त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेचा पूर्ण रिपोर्टच मागावा.

लग्नाच्या एका दिवसासाठी मोठा दिसणारा दागिना हवा असेल तर काच भरलेलाही चालेल, फक्त बिलावर 'ग्लास फिल्ड' लिहून घ्या. रोज घालायचा असेल तर मी तरी दोनदा विचार करीन. आईची अंगठी त्यानंतर दोनदा सोनाराकडे जाऊन आली, खडा होता तसा आहे. शेजारच्या काकू मात्र अजून विचारतात, एवढ्या पैशांत एवढासाच?