मॅग्निफायरचे आठ महिने आणि एक्सेलमधला गायब पिवळा

परवा ऑफिसात बोलणी खाल्ली, म्हणून हे लिहायला बसलो. साहेबांनी एक्सेलची फाईल पाठवली: "पिवळ्या केलेल्या पार्ट्यांना पेमेंट करू नका." मी सगळ्यांना करून मोकळा झालो. मला पिवळं काही दिसलंच नव्हतं. यात माझ्या डोळ्यांचा दोष नव्हता, विंडोजमधल्या हाय कॉन्ट्रास्ट नावाच्या सोयीचा होता.

माझी मधली नजर गेलेली, त्यात पांढऱ्या स्क्रीनचा झगमगाट अजिबात सोसत नाही. विकतच्या सॉफ्टवेअरची किंमत ऐकून हात जोडले आणि विंडोज 11 मधल्या फुकटच्या मॅग्निफायरवर भागवायचं ठरवलं. Win आणि + दाबलं की चालू. पहिला आठवडा मात्र वैताग आला, कारण एका दाबात थेट 200 टक्के, पुढच्यात 300. पानाचा एक कोपरा तेवढा समोर, बाकी सगळं बाहेर. Win+Ctrl+M ने सेटिंग उघडून ही उडी 25 टक्क्यांवर आणली. आता आकड्यांना 175, मेलला 150. हे आधीच का करून देत नाहीत, देव जाणे.

झगमगाटासाठी हाय कॉन्ट्रास्ट: डावं Alt, डावं Shift आणि PrtScn दाबलं की चालू. माझ्या लॅपटॉपवर सोबत Fn पण लागतं, म्हणजे बोटांची कसरतच. काळ्यावर पांढरी अक्षरं इतकी ठसठशीत दिसली की सहा महिने हे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ते आता मागे घेतो. हाय कॉन्ट्रास्ट रंग नुसते बदलत नाही, स्वतःचे ठरलेले मोजके रंग सगळीकडे थापतो. सेलमध्ये भरलेला रंग फाईलीत शाबूत असतो, पण माझ्या स्क्रीनवर तो सेल इतरांसारखाच काळा. काही झाकलंय याची खूणही नाही! शेजारच्या टेबलावर तीच फाईल उघडली तर अकरा ओळी पिवळ्याधमक.

आता दिवसभर Ctrl+Alt+I. मॅग्निफायर चालू असताना हे दाबलं की सगळे रंग उलटतात. पांढऱ्याचं काळं होतं, पिवळ्याचं निळं, म्हणजे त्या अकरा ओळी निळ्या पट्ट्यांवर पांढऱ्या अक्षरांत दिसतात. रंग चुकीचा, पण वेगळेपण शिल्लक. फोटो मात्र जुन्या निगेटिव्हसारखे होतात. पुतण्याच्या बारशाचे फोटो बघून मी दचकलोच होतो.

एक गोष्ट चटका बसून कळली. काम झालं म्हणून Win+Esc दाबलं तर मॅग्निफायरबरोबर उलटे रंगही जातात आणि पांढरा उजेड धाडकन डोळ्यांत. त्यामुळे मी तो बंद करतच नाही. Win आणि - दाबत 100 टक्क्यांवर आणतो, रंग उलटेच राहतात.

साहेबांना सांगितलंय, रंगाच्या शेजारच्या कॉलमात "थांबवा" असं लिहीत जा. दोन फाईली तशा आल्या. तिसरी आज सकाळी आली, पुन्हा नुसती पिवळी.