परगावी पाठवलेली फुलं कोमेजली तर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फुलं आणि रोपं घरपोच देणारं हे अ‍ॅप शहरातल्या शहरात उत्तम आहे. तक्रारी येतात त्या कुरिअरने परगावी जाणाऱ्या खोक्यांच्या, त्यातही उन्हाळ्यात. पैसे परत मिळतात, पण तक्रारीची मुदत २४ तासांची आणि पुरावा खोकं उघडतानाच तयार करावा लागतो.

खरी अडचण म्हणजे खातं आपलं असतं आणि खोकं उघडते नागपूरची मावशी. ती संकोचाने "छान आहेत हो फुलं" म्हणून मोकळी होते! म्हणून आधीच फोन करून सांगावं. टेप न कापलेलं खोकं, त्यावरच्या लेबलचा नंबर, मग उघडणं आणि आतली फुलं, हे सगळं एकाच सलग व्हिडिओत यायला हवं. मध्ये तुटलेला व्हिडिओ चटकन नाकारतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवावेत, म्हणजे मूळ फाइल काढल्याच्या वेळेसकट मिळते.

आता फुलांकडे. गुलाबाची मान वाकली असेल तर बहुतेकदा देठात हवा अडकून पाणी वर चढत नसतं. देठ २-३ सेंटीमीटर तिरके कापून, गुच्छ वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून दोन-तीन तास खोल पाण्यात ठेवला की बरीच फुलं सावरतात. कस्टमर केअरही हेच सांगतं. म्हणून कापण्याआधी एक फोटो आणि नंतर त्याच कोनातून दुसरा घ्यावा. दुसऱ्यातही मान खालीच असेल तर त्यांच्याकडे उत्तर उरत नाही. पाकळ्यांवर तपकिरी डाग आणि करडी लव दिसली तर ती बुरशी; तिथे पाण्याचा उपयोग नाही, लगेच तक्रार करावी. बाहेरच्या एक-दोन हिरवट, खडबडीत पाकळ्या मात्र नैसर्गिक असतात, त्यावरून भांडू नये.

"फुलं खराब आली" एवढंच लिहिलं की कूपन पुढे करतात. त्याऐवजी असं लिहावं: २० गुलाबांपैकी ३ ना बुरशी, ६ च्या माना वाकलेल्या, पाण्यात ठेवल्यावर त्यातले ४ सावरले, एकूण ५ खराब. पाचांचा वेगळा फोटो जोडावा आणि रक्कम मूळ खात्यातच मागावी.

रोपाची दोन-चार पानं गळणं हा प्रवासाचा ताण, बिघाड नव्हे. खोड मातीजवळ दाबून पाहावं. मऊ लागलं, मातीला कुबट वास आला, तर मुळं कुजली आहेत; कुंडीतून काढून तपकिरी मुळांचा फोटो घ्यावा.

टाळाटाळ झाली तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तरीही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शहरातल्या गुच्छांना चार तारे, कुरिअरच्या खोक्यांना दोन.