‘फक्त मुळांनाच धरणारा’ रंग: साडेआठशे रुपयांचा डबा आणि डोक्यावरचा काळा पट्टा

घरी केस रंगवणाऱ्या बायकांचं एक नेहमीचं दुखणं असतं. मुळांशी पांढरे केस दिसायला लागले की टचअप करायचा, आणि दोन-चार टचअपनंतर डोक्यावर रंगांचे थर दिसू लागतात. मुळांशी तपकिरी, मध्ये काळपट पट्टा आणि खाली आणखी वेगळा रंग. ठाण्यात एका हॉलमधल्या दिवाळी प्रदर्शनात एका स्टॉलवालीने नेमकं हेच दुखणं पकडलं होतं.

“ताई, हा हर्बल आहे. नवीन केसालाच धरतो, जुन्या रंगाला शिवतसुद्धा नाही. शाम्पूसारखा सगळ्या डोक्याला चोळा, पट्टा येणारच नाही,” असं ती प्रत्येकीला सांगत होती. समोर पांढऱ्या केसांचा एक पुंजका होता. त्याला रंग लावून, धुऊन दाखवला की तो वरपासून खालपर्यंत अगदी एकसारखा तपकिरी. बघणाऱ्या सगळ्या खूश. मीही डबा घेतला, साडेआठशेला.

खरी लबाडी त्या पुंजक्यातच होती. त्या केसांना आधी कधी रंगच लागलेला नव्हता. कोऱ्या पांढऱ्या केसांवर कुठलाही रंग एकसारखाच बसतो. पट्टा येतो तो नव्या आणि आधी रंगवलेल्या केसांच्या सांध्यावर, आणि तसा सांधा त्या पुंजक्यात नव्हताच.

घरी सांगितल्याप्रमाणे सगळ्या डोक्याला चोळला. केस वाळल्यावर कानशिलाचे पांढरे केस फिकट तांबूस राहिले होते आणि त्याखाली बोटभर रुंदीचा जवळपास काळा पट्टा. मग डब्यावरचं स्टिकर नखाने उचललं. खाली बाजारात कुठेही मिळणाऱ्या साध्या क्रीम कलरचं खोकं, छापील किंमत १२० रुपये. घटकांत पी-फेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, आणि ‘हर्बल अ‍ॅक्टिव्हेटर’ म्हणून दिलेली बाटली म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा डेव्हलपर. पीपीडीची कुणाकुणाला जबरदस्त अ‍ॅलर्जी होते, म्हणून तर असा रंग लावण्याआधी त्वचेवर चाचणी घ्यायला सांगतात. ती सूचनाही त्या स्टिकरखालीच गेली होती. मला पट्ट्यावरच भागलं, हे नशीब.

पेरॉक्साइडवर चालणाऱ्या रंगाला नवा केस कुठला आणि जुना कुठला, हे कळत नाही. उलट वारंवार रंगवलेला केस सच्छिद्र झालेला असतो, तो रंग जास्त पितो. त्यामुळे थरावर थर चढून जुना भाग काळवंडतो, आणि कानशिलाचे राठ पांढरे केस मात्र रंग उशिरा घेतात. वरून त्याच कंपनीची फिकट शेड लावून पट्टा जात नाही, कारण रंगाने रंग उजळत नाही. पट्टा फिका करण्यासाठी पार्लरमध्ये कलर रिमूव्हर वापरावा लागला, त्याचा खर्च डब्याच्या कितीतरी पट.

तिथल्या मुलीने काम करता करता जे दाखवलं, तसंच मी आता घरी करते. केसांचे चार भाग करून चिमटे लावायचे. आधीच्या रंगाच्या भागाला मुळांपासून दूर, सांध्याच्या खालून शेंड्यापर्यंत कंडिशनरचा पातळ थर द्यायचा. त्याने रंग चुकून सांडला तरी पटकन बसत नाही. कंडिशनर मुळांकडे जाऊ द्यायचा नाही, नाहीतर तिथे रंग धरत नाही. मग शेपटीच्या कंगव्याने जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाडीची बट उचलायची आणि ब्रशच्या टोकाने फक्त नव्या वाढीला रंग लावायचा. जुना रंग सुरू होण्याच्या किंचित आधी थांबायचं, कारण क्रीम थोडं पसरतंच. सुरुवात कानशिलांपासून आणि भांगापासून, म्हणजे पांढऱ्या केसांना जास्त वेळ मिळतो. रंग ओल्या बोटांनी शेंड्यापर्यंत ओढायची सवय बऱ्याच जणींना असते. शेंडे खरंच फिके पडले असतील तरच शेवटची काही मिनिटं तसं करायचं. दर वेळी केलं तर काळा पट्टा पुन्हा तयार.

आणि चाचणी करायचीच तर कंगव्यात निघालेले आपले स्वतःचे रंगवलेले केस एकत्र बांधून त्यांवर करा. त्यांची मुळाकडची टोकं एका बाजूला ठेवली तर नवा आणि जुना भाग दोन्ही तपासता येतात. स्टॉलवाली असा पुंजका लावून बघायला तयार होते का, हेही विचारून बघा. माझ्यासमोर एकीने विचारलं होतं, तेव्हा तिने विषय बदलून तेलाची बाटली पुढे केली होती.

छापील किंमत झाकून त्यावर वाढीव किमतीचं स्टिकर लावणं कायद्याने चालत नाही. स्टॉलवालीचा फोन लागत नाही आणि आयोजकांनी हात वर केले, तेव्हा खोकं, अर्धवट उचललेलं स्टिकर, यूपीआयची पावती आणि डोक्याचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तुम्ही घेतलाच असेल तर खोकं फेकू नका.