रविवारची मिसळ: टोकन, आरक्षण की लवकर येणाऱ्यांना सवलत?

रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा या दोन तासांत नाशिकच्या कोणत्याही नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणी टेबल मिळणे कठीण असते, आणि तीच टेबले मंगळवारी दुपारी ओस पडलेली असतात. उरलेला फरसाण दुसऱ्या दिवशी वापरता येतो, पण मंगळवारी रिकामे राहिलेले टेबल रविवारसाठी साठवून ठेवता येत नाही. गंगापूर रस्त्याकडे किंवा मखमलाबादच्या बाजूला असे ठिकाण चालवणाऱ्यासमोर म्हणून तीन मार्ग येतात: टोकन देऊन रांग लावणे, फोनवर टेबल राखून ठेवणे, किंवा गर्दीच्या आधी येणाऱ्यांना दरात सवलत देणे. पुढील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालून हाच हिशेब करता येईल.

समजा, चार जणांची 30 टेबले आहेत आणि एक गट सरासरी 40 मिनिटे बसतो. म्हणजे तासाला 45 गट बसवता येतात. गर्दीच्या दोन तासांत ताशी 55 गट येतात, आणि साडेनऊला टेबले भरलेली असली तरी बाहेर कोणी थांबलेले नाही, असे मानू. तासाला दहा गट मागे पडत जातात, म्हणून साडेअकराला बाहेर 20 गट उभे असतील. त्यांपैकी शेवटच्या गटाला सुमारे 27 मिनिटे थांबावे लागेल, कारण पुढच्या गटांची संख्या भागिले तासाला मोकळी होणारी टेबले, असा हा साधा भागाकार आहे. त्यानंतर आवक ताशी 30 वर उतरली, तरी रांग तासाला पंधराच गटांनी कमी होईल आणि ती पूर्ण संपायला बारा पन्नास वाजतील. गर्दी ओसरली, आता रांगही हटेल, असे समजून साडेअकरालाच दोन वेटर जेवायला पाठवणारा मालक नेमका इथे फसतो.

तिन्ही मार्गांची तुलना करण्याआधी ती 40 मिनिटे कुठे जातात, हे पाहणे आवश्यक आहे. रस्सा आणि उसळ तयारच असतात, त्यामुळे स्वयंपाकघर सहसा अडत नाही. वेळ जातो तो खाणे झाल्यावर: वाट्या रिकाम्या आहेत, तर्रीचा लाल ओघळ टेबलावर सुकत आला आहे, मंडळी चहाची वाट पाहत आहेत, आणि चहा आल्यावर बिलाची. चहा आणि जिलेबी बाहेरच्या लॉनवर देण्याची सोय केली आणि बिल गल्ल्यावरच घेतले, तर समजा पाच मिनिटे वाचतात. तेवढ्याने तासाला 45 ऐवजी 51 गट बसतात, आणि साडेअकराची रांग 20 वरून साधारण सात-आठवर येते. मात्र त्या वेगाने वाट्या धुऊन येत नसतील किंवा पाव पुरत नसतील, तर अडथळा फक्त टेबलावरून मोरीवर किंवा पावाच्या टोपलीवर सरकेल. वेटर स्वच्छ वाट्यांसाठी थांबलेला दिसू लागला, की हे घडले असे समजावे.

एवढे करूनही रांग उरते, आणि तिच्यासाठी टोकन हा पहिला उपाय ठरतो, कारण त्यात ग्राहक थांबतो पण टेबल कधीच थांबत नाही. टोकनाने क्षमता वाढत नाही. वाढते ती थांबणाऱ्याची खात्री. म्हणून टोकन देतानाच वेळ सांगावी, आणि हिशेबाने 27 मिनिटे येत असतील तर पस्तीस सांगावीत, कारण लवकर नंबर लागल्याची तक्रार कोणी करत नाही. दोघांचे आणि चौघांचे टोकन वेगवेगळ्या रंगांचे असावे आणि काही टेबले दोघांचीच करावीत, नाहीतर चौघांच्या टेबलावर जोडपे बसते आणि दोन खुर्च्या वाया जातात. रंग वेगळा असण्याचे कारण फलकावर लिहिले नाही, तर मागून आलेले जोडपे आधी आत गेल्यावर भांडण ठरलेले असते. तीनदा पुकारूनही न आलेल्या गटाचा क्रमांक रद्द करू नये. तो दहा मिनिटांत परतला तर पुढचे मोकळे टेबल त्याला द्यावे. जे परतलेच नाहीत, त्यांची टोकने मात्र वेगळी ठेवून दिवसअखेर मोजावीत. रांगेमुळे प्रत्यक्ष किती धंदा गेला, याचा तेवढाच खात्रीचा पुरावा हाती राहतो, जरी रांग पाहून गाडीतूनच परत फिरलेले त्यात येत नसले तरी.

आरक्षणात याच्या उलट टेबल थांबते. साडेदहाला येणाऱ्या गटासाठी टेबल आधीच मोकळे ठेवावे लागते आणि गट उशिरा येतो; दोन्ही मिळून दहा मिनिटे धरली, तर त्या टेबलाचा एक फेरा 40 ऐवजी 50 मिनिटांचा होतो. दहा टेबले अशी राखली, तर दोन तासांत 30 ऐवजी 24 गट बसतील. एका गटाचे बिल 400 रुपये आणि त्यातून कच्चा माल वगैरे जाऊन 240 रुपये सुटतात असे मानल्यास सहा गटांचे 1,440 रुपये जातात, आणि न सांगता न येणारे यात धरलेले नाहीत. शिवाय रांगेतील माणसाला समोर रिकामे टेबल दिसत राहते, हा त्रास वेगळाच. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये आरक्षण चालते, कारण गाडी प्रवाशासाठी थांबत नाही आणि उशीर झाल्यास नुकसान त्याचेच होते. मिसळीच्या टेबलावर ते मालकाचे होते. म्हणून आरक्षण बारा-पंधरा जणांच्या गटांपुरते, आगाऊ रक्कम घेऊन आणि नऊच्या आतल्या वेळेसाठीच द्यावे, असे माझे मत आहे.

सवलतीचा हिशेब सर्वांत फसवा आहे. आठ ते साडेनऊ या वेळेत समजा एरवीही 40 गट येतात. दहा टक्के सवलत दिली, की त्या सर्वांना प्रत्येकी 40 रुपये, म्हणजे 1,600 रुपये, काहीही न बदलता द्यावे लागतात. गर्दीतून एक गट अलीकडे सरकला आणि त्याच्या जागी एरवी निघून गेला असता असा गट बसला, तर 240 मधून सरकलेल्या गटाची सवलत वजा जाऊन 200 रुपये हाती राहतात. म्हणजे किमान आठ गट सरकले आणि आठ वाचले, तरच हिशेब जेमतेम बरोबरीत येतो. परत न आलेली टोकने चारच असतील, तर सवलत म्हणजे तोटा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना विजेचे वेळेनुसार बदलणारे दर उपयोगी पडतात, कारण तिथे बिल मोठे असते आणि काही कामे तरी दुसऱ्या पाळीत सरकवता येतात; रविवारी उशिरा उठलेले कुटुंब चाळीस रुपयांसाठी आठला निघत नाही. सकाळी फिरून परतणाऱ्यांना ते जमते, पण त्यांतले बरेच जण आधीच त्या चाळीस गटांत असतात.

तेव्हा आधी चहा बाहेर हलवून आणि दोन रंगांची टोकने लावून काही रविवार परत न आलेली टोकने मोजावीत. ती सातत्याने आठपेक्षा बरीच जास्त भरली, तरच सवलत करून पाहावी, आणि तीही सरसकट दरात नव्हे, तर साडेआठच्या आत येणाऱ्यांना ताक किंवा जिलेबी या रूपात, कारण चाळीस रुपयांना विकला जाणारा पदार्थ मालकाला त्याहून कमी खर्चात पडतो. सवलत सुरू केल्यावर सकाळी लवकरची गर्दी वाढली पण साडेदहाची रांग तेवढीच राहिली, तर हे नवे ग्राहक आहेत की जुनेच फुकट जिलेबी खात आहेत, हे रविवारच्या एकूण गल्ल्यावरून कळते; तो वाढला नसेल तर सवलत बंद करावी.