सदोष सभेतला ठराव: टिकवायचा, संमती घ्यायची की सभा पुन्हा भरवायची?

भोसरी, चाकण, पिरंगुट पट्ट्यातल्या घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत एक प्रश्न वरचेवर येतो. सभा झाली, ठराव झाला, आणि मग लक्षात येतं की एका भागधारकाला नोटीसच गेली नव्हती. आता काय करायचं? वाटा तीन आहेत. ठराव आहे तसा धरून चालायचं, राहिलेल्या व्यक्तीची मागाहून संमती घ्यायची, किंवा सभा नव्याने भरवायची. कोणती वाट निवडावी हे दोष कसा घडला आणि ठराव कशाचा होता यावर ठरतं. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवतो.

कंपनी भोसरीतली, यंत्राचे सुटे भाग बनवणारी. थोरल्या भावाकडे ४० टक्के शेअर्स, धाकट्याकडे २५, बहिणीकडे २० आणि काकांकडे १५. दोघे भाऊ संचालक. थोरल्याला आपल्या मुलाच्या नावे नवे शेअर्स काढायचे आहेत. बाहेरच्या माणसाला असे शेअर्स द्यायचे तर विशेष ठराव लागतो. त्यासाठी असाधारण सर्वसाधारण सभेची नोटीस १८ दिवस आधी ईमेलने गेली. बहिणीला पाठवलीच नाही, कारण कौटुंबिक वाटणीत तिने शेअर्स सोडले अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात हस्तांतराचा फॉर्म कधी भरला गेला नाही आणि सभासदांच्या नोंदवहीत तिचं नाव कायम आहे. सभेला थोरला आणि काका आले. धाकटा नोटीस मिळूनही आला नाही. ठराव ‘एकमताने’ मंजूर झाला. शेअर्सचं वाटप अजून व्हायचं आहे.

गणपूर्तीचा मुद्दा लवकर मिटतो. प्रायव्हेट कंपनीत दोन सभासद स्वतः हजर असले की पुरे. प्रॉक्सी धरत नाहीत, पण इथे दोघंही जातीने होते. त्यामुळे ‘कोरम होता ना, मग सभा बरोबर’ असं थोरला म्हणतो. पण कोरम भरला म्हणून नोटिशीतला दोष जात नाही. येणाऱ्यांची संख्या पुरेशी होती का हा एक प्रश्न, आणि ज्यांना यायचा हक्क होता त्या सगळ्यांना बोलावलं होतं का हा दुसरा.

पहिली वाट: ठराव धरून चालणं

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०१ मध्ये एक दिलासा आहे. नोटीस द्यायची चुकून राहिली किंवा एखाद्याला ती पोहोचली नाही, तर तेवढ्यावरून सभेचं कामकाज रद्द होत नाही. थोरल्याचा सगळा भर यावर असणार. पण ‘चुकून’ म्हणजे काय, हे १९६२ सालच्या दोन इंग्रजी निकालांतून स्वच्छ दिसतं. तिथलीही तरतूद अशाच शब्दांची होती. वेस्ट कॅनेडियन कोलिअरीजच्या प्रकरणात पत्ते छापायच्या यंत्रातल्या काही सभासदांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या नोटिसा पाठवताना नजरेतून सुटल्या. न्यायालयाने ती चूक मान्य केली आणि सभा टिकली. मसेलव्हाइटच्या प्रकरणात संचालकांनी काही जणांना ‘हे आता सभासद नाहीत’ असं समजून नोटीस पाठवली नाही. ते नोंदवहीत होते. तिथे सभा टिकली नाही, कारण नजरेतून सुटणं वेगळं आणि विचार करून, चुकीच्या समजुतीने, वगळणं वेगळं.

आपली बहीण दुसऱ्या प्रकारात बसते. इंग्रजी निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण या आधारावर लढायला निघणाऱ्याने पाय कुठे ठेवतोय ते पाहावं.

‘ती आली असती तरी निकाल तोच लागला असता’ हेही ऐकू येतं. इथे तर तेही खरं नाही. विशेष ठरावासाठी बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. शेअर्सच्या प्रमाणात मतदान झालं असतं तर थोरला आणि काका मिळून ५५. बहिणीने विरोधात २० टाकले की लागणार ६०. म्हणजे तिला एकटीला हा ठराव अडवता आला असता.

त्यात १८ दिवसांचा प्रश्न आहेच. कायद्याला पूर्ण २१ दिवस हवेत, त्यात पाठवल्याचा आणि सभेचा दिवस मोजायचा नाही. नोटीस १ जुलैला ईमेलने गेली तर सभा २३ जुलैच्या आधी नाही. टपालाने पाठवली तर पोहोचण्यासाठी आणखी दोन दिवस सोडायचे. कमी मुदतीत असाधारण सभा घ्यायची तर संख्येने बहुसंख्य आणि भांडवलाने ९५ टक्के सभासदांची संमती हवी. २० टक्के बाहेर असताना ९५ कुठून होणार? एक अपवाद मात्र जरूर तपासावा. ५ जून २०१५ च्या अधिसूचनेनंतर प्रायव्हेट कंपनी आपल्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, वेगळी मुदत ठेवू शकते. तिथे सात किंवा चौदा दिवस लिहिले असतील आणि कंपनीने ताळेबंद व वार्षिक विवरण भरण्यात कसूर केली नसेल, तर १८ दिवस चालतील. आर्टिकल्स न वाचताच लोक भांडतात, हे मी फार पाहतो.

या वाटेची एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. बाहेरच्या प्रामाणिक माणसाने, उदाहरणार्थ बँकेने, ठरावावर विसंबून व्यवहार केला, तर कंपनीच्या आतली प्रक्रिया चुकली म्हणून तो सहसा अडकत नाही. १८५६ च्या टर्क्वांड प्रकरणापासूनचं हे तत्त्व आहे. पण इथे शेअर्स घेणारा संचालकाचाच मुलगा. त्याला या तत्त्वाचा आसरा मिळेल असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

दुसरी वाट: मागाहून संमती

नोटीस सभासदांसाठी असते. म्हणून सर्व सभासदांनी सगळं समजून होकार दिला, तर नोटिशीच्या उणिवेवर बोट ठेवायला कुणी उरत नाही. बहिणीशी संबंध चांगले असतील तर ही वाट झटपट आणि बिनखर्चाची. पण होकार सगळ्यांचा हवा, धाकट्याचाही. आणि संमतिपत्रावर मागची तारीख टाकू नये. ईमेलची तारीख, मुद्रांकाची तारीख, प्रवासाची तिकिटं यांतून ते उघडं पडतं, आणि मग जो नुसता दोष होता त्याची फसवणूक बनते.

मागाहून मान्यता कुठवर पोहोचते हे १९७३ च्या परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसतं. जनरल मॅनेजरला काढण्याचा संचालक मंडळाचा ठराव झाला, पण एका संचालकाला नोटीस नव्हती. न्यायालयाने ती सभा अवैध ठरवली. मात्र पुढे रीतसर बोलावलेल्या सभेत मंडळाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केलं होतं, आणि ती मान्यता मूळ कृतीच्या दिवसापासून लागू धरली गेली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. संचालक मंडळाच्या सभेच्या नोटिशीचं कलम १७३ सात दिवसांची लेखी नोटीस प्रत्येक संचालकाला द्यायला सांगतं, आणि ‘चुकून राहिली तरी चालेल’ असा दिलासा त्यात नाही. तिथे एक संचालक सुटणं जास्त महागात पडतं. दुसरं, ही मान्यता एका नोकराला काढण्याची होती, जे मंडळाच्या अधिकारातलं काम.

शेअर्सचं वाटप तसं नाही. तिथे कायद्याने क्रम बांधून दिला आहे: आधी विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, मग देकार, वेगळ्या बँक खात्यात पैसे, मग वाटप. हा क्रम मागे सरकवून दुरुस्त होत नाही. म्हणून वाटप झालेलं नसताना मान्यतेच्या भरवशावर पुढे जाणं मला पटत नाही.

तिसरी वाट: सभा नव्याने

आधी सात दिवसांच्या नोटिशीने संचालक मंडळाची सभा, तिथे नवी नोटीस मंजूर, मग २१ पूर्ण दिवस, मग सर्वसाधारण सभा. म्हणजे साधारण महिनाभर आणि वर काही दिवस. नोटिशीसोबतच्या स्पष्टीकरणात ‘शेअर्स घेणारा संचालकाचा मुलगा आहे’ हे लिहायलाच हवं. लपवून फायदा झाला तर तो कंपनीच्या वतीने धरून ठेवलेला मानला जातो. ठराव मंजूर झाला की तीस दिवसांत एमजीटी-१४ फॉर्म भरायचा.

निकाल मात्र आता धाकट्याच्या हाती आहे. तो बाजूने आला तर ८० विरुद्ध २०, ठराव पास. तो घरी बसला तर पुन्हा ५५ विरुद्ध २०, ठराव नापास. थोरल्याने भावाकडे नोटिशीच्या आधी जावं.

आणि गरज खरोखर भांडवलाचीच असेल, तर मी चौथा मार्ग सुचवेन: राइट्स इश्यू. सर्व सभासदांना त्यांच्या प्रमाणात नवे शेअर्स देऊ करायचे, देकार किमान ७ आणि कमाल ३० दिवस खुला ठेवायचा. याला विशेष ठराव लागत नाही. आर्टिकल्स आड येत नसतील तर थोरला आपला वाटा मुलाच्या नावे सोडू शकतो. बहिणीलाही तिच्या २० टक्क्यांचा देकार मिळतो.

वाटप होऊन नोंदवहीत नवं नाव चढलं असेल, तर कंपनीने परस्पर खोडाखोड करू नये. मग कलम ५९ खाली नोंदवही दुरुस्तीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावं लागतं. हा विषय न्यायाधिकरणाच्या अधिकारातला असल्याने शिवाजीनगरच्या दिवाणी कोर्टात दावा लावण्यात वेळ घालवू नये.

बहिणीच्या बाजूने

तिच्याकडे दहा टक्क्यांहून जास्त शेअर्स आहेत, म्हणून कलम २४१ खाली अन्याय्य कारभाराचा अर्ज ती करू शकते. पण केवळ एक बेकायदा सभा दाखवून काम होईलच असं नाही. नीडल इंडस्ट्रीज प्रकरणात (१९८१) मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलं की एखादं सुटं बेकायदा कृत्य म्हणजे दडपशाही असं आपोआप ठरत नाही. अशी कृत्यं एकामागून एक आली तर चित्र बदलतं. तरीही त्या प्रकरणात न्यायालयाने वंचित राहिलेल्या भागधारकाला भरपाई द्यायला लावली.

म्हणून अर्जाआधी तिने कळल्या दिवशीच कंपनीला ईमेल करावा: मला नोटीस मिळालेली नाही, हा ठराव मला मान्य नाही, वाटप करू नका. त्याच ईमेलमध्ये कलम ११९ खाली सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. शुल्क भरल्यावर सात कामाच्या दिवसांत ती द्यावी लागते. सोबत नोटीस कुणाकुणाला, कधी आणि कशी पाठवली याचा पुरावा मागावा. वाटपानंतर वर्षभर गप्प राहून केलेल्या तक्रारीपेक्षा वाटपाआधीची ही एक ओळ न्यायाधिकरणात जास्त वजनाची ठरते.